झारला कुणी पाडलं? एका निबंधाचा आराखडा

‘पहिल्या महायुद्धात रशियाची राजसत्ता का कोसळली?’ जगाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न ठरलेला आहे आणि त्याचं उत्तरही बहुतेकांचं ठरलेलं असतं. युद्धाला कंटाळलेली जनता, धान्याची टंचाई आणि नाकर्तं सरकार असे तीन ठळक मथळे, प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी आणि शेवटी ‘या सर्व कारणांचा परिपाक म्हणून’ हे वाक्य. यातलं काही चूक नाही. फक्त त्यातून काही उलगडत नाही.

कारण ही तिन्ही दुखणी एकट्या रशियाची नव्हती. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं आणि लोकांनी गुरांना घालायच्या सलगमावर दिवस काढले. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येत नव्हतं. जर्मनीचं हरवलेलं, जखमी झालेलं मनुष्यबळही लाखांत मोजावं असं होतं. तरी कैसर विल्हेल्म १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंत गादीवर राहिला. त्याआधी तब्बल वीस महिने, फारशी झटापट न होता, दुसरा निकोलस पायउतार झाला होता. आणि गंमत अशी, की रशिया हा युद्धापूर्वी जगाला धान्य विकणारा देश होता.

म्हणजे चांगल्या निबंधाला दोन अडचणीचे प्रश्न आधी स्वतःलाच विचारावे लागतात. रशियातच आधी का? आणि १९१७ च्या फेब्रुवारीतच का? टंचाई आणि कंटाळा तर १९१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावरही होताच.

या प्रश्नांना भिडायचं तर आराखडा शेवटाकडून लिहायला घ्यावा. शेवट घडला प्स्कोव नावाच्या गावच्या रेल्वे स्थानकात, एका शाही डब्यात. तारीख २ मार्च १९१७. (रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालत असे, ती आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे. म्हणूनच मार्चच्या मध्यावर संपलेल्या उठावाला ‘फेब्रुवारी क्रांती’ म्हणतात. या लेखातल्या रशियातल्या घटनांच्या तारखा जुन्या रशियन पद्धतीच्या आहेत.) डब्याबाहेर चवताळलेला जमाव नव्हता. कुणी राजवाड्यावर चाल करून आलं नव्हतं. झारच्या हातात होत्या तारा, त्याच्याच आघाड्यांवरच्या सेनापतींनी पाठवलेल्या. सगळ्यांचं म्हणणं एक: महाराजांनी गादी सोडावी. त्याचा सख्खा चुलतकाका, ग्रँड ड्यूक निकोलाय, यानंही तेच विनवलं होतं. निकोलसनं दुपारी तीनच्या सुमारास निर्णय घेतला.

आता उलटं चालत जायचं. सेनापतींनी असं का कळवलं? राजधानी हातची गेली म्हणून. ती का गेली? तिथल्या पलटणींनी बंदुका फिरवल्या म्हणून. त्यांच्यावर ती वेळ का आली? रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या झाडायला सांगितलं म्हणून. आणि लोक रस्त्यावर का? पावासाठी. म्हणजे राज्य पडायला तीन थरांवर हुकूम मोडले जावे लागले: रस्त्यावर, बराकीत आणि सेनापतींच्या कचेरीत. निबंधाचे भागही हेच. प्रश्नातली तीन कारणं या तीन जागी वेगवेगळं काम करतात, आणि एका जागी तर एक कारण चक्क उलटं काम करतं. ते पुढे येईल.

सुरुवात पावापासून.

पेत्रोग्राद म्हणजे पूर्वीचं सेंट पीटर्सबर्ग. जर्मन वाटणारं नाव युद्ध सुरू होताच बदललं. १९१७ च्या सुरुवातीला शहराची वस्ती सुमारे २४ लाख होती. तोफा आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी माणसं येतच होती. शहर साम्राज्याच्या वायव्य टोकाला, आणि धान्य पिकायचं दक्षिणेत, युक्रेनमध्ये, व्होल्गाकाठी, सैबेरियात. मधलं अंतर रेल्वेनं कापायचं. पण रेल्वेवर पहिला हक्क सैन्याचा. त्यात एक गोष्ट अशी, जी बहुतेक उत्तरांत येत नाही. युद्धाआधी पेत्रोग्रादच्या भट्ट्या इंग्लंडहून जहाजानं येणाऱ्या कोळशावर चालत. जर्मन आरमारामुळे बाल्टिक समुद्र बंद झाला आणि तो कोळसा थांबला. मग दोनेत्स खोऱ्यातला कोळसा दक्षिणेकडून रेल्वेनं आणावा लागला. म्हणजे धान्याला ज्या वाघिणी हव्या होत्या, त्याच आता कोळशालाही हव्या झाल्या.

खेड्यात धान्य नव्हतं का? होतं. युद्धाच्या वर्षांत पीक फार वाईट आलं नव्हतं आणि परदेशी निर्यात जवळपास थांबलेली होती. पण शेतकऱ्यानं ते विकायचं कशासाठी? सरकारनं धान्याचे भाव बांधून दिले होते. कापड, खिळे, घासलेट, नांगराचे फाळ यांचे भाव मात्र मोकळे होते आणि माल मिळतच नव्हता, कारण कारखाने लष्कराचा माल काढण्यात गुंतलेले. वर नोटांचा पूर. १९१४ मध्ये सरकारनं दारूबंदी केली आणि तिजोरीत येणारा जवळजवळ चौथा हिस्सा महसूल स्वतःच्या हातानं बंद केला. युद्धाचा खर्च भागवायला छापखाना चालला. दोन-अडीच वर्षांत भाव कित्येक पटींनी चढले, मजुरी त्यांच्यामागे लंगडत राहिली. अशा वेळी शेतकरी कागदी नोटा घेऊन काय करणार? त्यानं धान्य घरात ठेवलं, गुरांना घातलं, त्याची हातभट्टी काढली. १९१६ च्या डिसेंबरात शेतीमंत्री रित्तिख यांनी प्रत्येक प्रांताला ठराविक धान्य देण्याचा कोटा ठरवून दिला. कागदावर आकडे जुळले, गावोगावी मात्र ‘एवढं देता येणार नाही’ अशी उत्तरं आली.

थोडक्यात, ही दुष्काळाची टंचाई नव्हती. धान्य आणि तोंड यांच्यामधला रस्ता तुटला होता. निबंधात हा फरक स्पष्ट लिहायला हवा, कारण दुष्काळाचा दोष आभाळाला देता येतो. तुटलेल्या रस्त्याचा दोष सरकारकडे जातो.

फेब्रुवारीत थंडीनं कहर केला. इंजिनांचे बॉयलर गोठून फुटले, रुळांवर बर्फ साचलं, हजारो वाघिणी जागच्या जागी अडकल्या. शहरात येणारं पीठ घटलं. त्यातच पावासाठी रेशनकार्ड येणार अशी बातमी फुटली. ज्याला जमलं त्यानं साठा करायला सुरुवात केली आणि रांगा दुप्पट झाल्या. बर्लिनमध्ये पावाची कार्डं १९१५ च्या सुरुवातीपासून चालू होती. तिथला पाव भुशाचा, बटाट्याच्या पिठाचा, पण कुणाला किती मिळणार हे ठरलेलं होतं. पेत्रोग्रादमध्ये ते ठरलेलं नव्हतं. रांगेत उभं राहणं हाच तिथला नियम, आणि दुकानाचा दरवाजा आपल्या आधी बंद होईल का, हा रोजचा जुगार.

या रांगेला रशियन लोक ‘ख्वोस्त’, म्हणजे शेपूट, म्हणत. तिच्यात मुख्यतः बायका असत. नवरा किंवा मुलगा आघाडीवर, दिवसा स्वतः गिरणीत दहा-अकरा तास, आणि पहाटे किंवा रात्री उणे पंधरा-वीस अंशात पावासाठी तिष्ठणं. एका इतिहासकाराच्या अंदाजानं कामगार बाईचे आठवड्याला चाळीसेक तास रांगांत जात. रांगेत फक्त थंडी नव्हती, बातमीही होती. अमक्याचा मुलगा गेला, महाराणी जर्मन आहे, पीठ मागच्या दारानं विकलं जातं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, पण रांगेवर तो कसा बसवणार? झारच्या गुप्त पोलिसांना हे कळत होतं. राजधानीतल्या त्यांच्या अहवालांत लिहिलेलं आहे, की उपाशी मुलांकडे पाहणाऱ्या आणि रांगांनी थकलेल्या या आया ड्यूमातल्या मोठमोठ्या विरोधी पुढाऱ्यांपेक्षा क्रांतीच्या जास्त जवळ आहेत आणि जास्त धोकादायकही. गुप्तचर खात्याला निदान नीट जमलं होतं. वाचणाऱ्यानं काही केलं नाही.

२३ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय महिला दिन. व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका पाव नाही म्हणून कामावरून बाहेर पडल्या. समाजवादी पुढाऱ्यांनी त्या दिवशी संपाची हाक दिलेली नव्हती. काहींनी तर ‘आत्ता नको’ असंच सुचवलं होतं. बायका शेजारच्या यंत्रकारखान्यांसमोर जाऊन पुरुषांना हाका मारू लागल्या. एक दिवस आधीच पुतिलोव या अजस्र तोफखान्याच्या मालकांनी टाळेबंदी करून हजारो कामगार रस्त्यावर सोडले होते. त्या दिवशी संपकऱ्यांचा आकडा नव्वद हजार ते लाखाच्या घरात गेला, दुसऱ्या दिवशी दोन लाखांच्या आसपास, आणि २५ तारखेला शहर बंद झालं. पोलिसांनी पूल अडवले तर लोक गोठलेल्या नेवा नदीच्या बर्फावरून चालत पलीकडे गेले.

राजधानीचा लष्करी अधिकारी जनरल खाबालोव यानं काय केलं? त्यानं जाहीर केलं की शहरात पाव पुरेसा आहे. काही दुकानांत तो कमी पडला, कारण लोक टोस्ट करून साठवायला जादा पाव घेत आहेत. हिशेबानं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसेल, गोदामांत काही दिवसांचं पीठ होतं. पण रात्रभर उभी राहून रिकाम्या हातानं परतलेल्या बाईला सरकार सांगत होतं, की पाव आहे, दोष तुझाच. फसलेली सत्ता म्हणजे नेमकं काय, हे दाखवायला निबंधात हा एक जाहीरनामा पुरेसा आहे.

पण इथेच थांबावं लागतं. पावाच्या दंगलीनं सरकारं पडत नाहीत. १९०५ सालाचं उदाहरण निबंधात घ्यायचं ते याचसाठी. राजा तोच, निकोलस. तेव्हाही हरलेलं युद्ध होतं, जपानशी. तेव्हाही पेत्रोग्राद संपानं बंद पडलं होतं, वर जानेवारीत हिवाळी राजवाड्यासमोर निःशस्त्र मोर्चावर गोळीबार झाला होता. झारनं ऑक्टोबरात एक जाहीरनामा काढून ड्यूमा, म्हणजे निवडलेली सभा, कबूल केली आणि नेमस्तांना बाजूला काढलं. डिसेंबरात मॉस्कोत उठाव झाला, तेव्हा राजधानीहून सेम्योनोव्स्की ही गार्ड पलटण आगगाडीनं गेली आणि तिनं तो चिरडला. गादी वाचली, कारण गार्ड पलटणीनं हुकूम मानला.

बारा वर्षांनी ते सैनिक कुठे होते? पुष्कळसे मेलेले होते. युद्धात रशियानं दीड कोटीच्या आसपास माणसं भरती केली होती. १९१५ च्या माघारीत पोलंड आणि लिथुआनिया गेलं, बंदुका कमी पडल्या तेव्हा मेलेल्याची बंदूक उचलून लढावं लागलं. १९१६ च्या उन्हाळ्यात जनरल ब्रुसिलोवनं ऑस्ट्रियाची आघाडी फोडली, पण त्या मोहिमेच्या अखेरीस स्तोखोद नदीकाठच्या दलदलीत निवडक गार्ड सैन्यालाच हल्ल्यावर हल्ले करायला लावून संपवलं. सिंहासनाची राखण करायला जे सैन्य शंभर-दोनशे वर्षं जोपासलं होतं, ते युद्धानं खाल्लं. युद्धाचा कंटाळा हा शब्द आपण एरवी मनाच्या अवस्थेसाठी वापरतो. इथे त्याचा अर्थ रोखठोक आहे: हुकूम मानणारी माणसं उरली नव्हती.

पेत्रोग्रादच्या बराकींत त्या वेळी एक लाख साठ हजारांहून अधिक शिपाई होते. नावं तीच जुनी आणि मानाची: व्होलिन्स्की, पाव्लोव्स्की, प्रेओब्राझेन्स्की. आत मात्र राखीव तुकड्या, म्हणजे चार-सहा महिन्यांपूर्वी उचललेले शेतकरी, संपात भाग घेतल्याची शिक्षा म्हणून भरती केलेले कामगार, जखमा बऱ्या होऊन परत आघाडीवर जायची वाट पाहणारे. जागेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली, अधिकारी अपुरे आणि बरेचसे आजारी किंवा कच्चे. त्यांचं घर शहराच्या रांगेपासून लांब नव्हतं, कित्येकांच्या तर बहिणी-बायका त्याच रांगेत होत्या. पोलीस होते साडेतीन हजारांच्या आसपास. चोवीस लाखांच्या शहराला.

कोसॅक घोडेस्वार हे जमाव पांगवण्यातले पटाईत. ते आले तेव्हाचा एक प्रसंग त्या भागातल्या एका बोल्शेविक कामगारानं नोंदवून ठेवला आहे. अधिकारी घोडा घालून गर्दीतून पुढे गेले, मागचे स्वार त्यांच्या वाटेनंच एकामागून एक, कुणालाही न चिरडता पुढे सरकले. त्यातल्या काहींनी कामगारांकडे पाहून डोळे मिचकावले. २५ तारखेला झ्नामेन्स्काया चौकात याहून पुढची गोष्ट झाली. गर्दीवर चालून आलेला एक पोलीस अधिकारी मारला गेला, आणि घाव घालणारा कोसॅक होता असं त्या वेळी सर्वांनी मानलं.

त्याच रात्री झारची तार आली. मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयातून, शहरापासून सातशेक किलोमीटर अंतरावरून: उद्याच्या उद्या ही दंगल थांबवा. तारेत शहाणपणाचा एक शब्द नाही, पावाचा उल्लेख नाही. खाबालोवसमोर आता गोळीबाराशिवाय पर्याय उरला नाही. २६ तारीख, रविवार. नेव्स्की रस्त्यावर आणि झ्नामेन्स्काया चौकात शिपायांनी गोळ्या झाडल्या, चौकात चाळीसच्या वर माणसं पडली. रस्ते रिकामे झाले. त्या रात्री शहरातल्या कित्येक क्रांतिकारकांनाही वाटलं, की संपलं, या वेळीही हरलो.

पाव्लोव्स्की पलटणीच्या एका तुकडीनं त्याच संध्याकाळी बंड केलं, पण ते लगेच दाबलं गेलं. खरा फरक पडला व्होलिन्स्की बराकीत. चौकात गोळ्या झाडणारी तुकडी तिथली. रात्रभर त्या लोकांत काय बोलणं झालं, याची एकच साक्ष नाही, पण तिमोफेई किर्पिच्निकोव नावाच्या सार्जंटनं सहकाऱ्यांना उद्या बाहेर पडायचं नाही असं ठरवायला लावलं. सकाळी कॅप्टन लाश्केविच आला तेव्हा शिपायांनी हुकूम नाकारला. तो मागे फिरून पटांगणातून जात असताना गोळी लागून कोसळला.

या क्षणानंतर शिपायांसमोर दोनच रस्ते होते. बंड गावभर पसरवायचं, नाहीतर फासावर जायचं. म्हणून ते धावत शेजारच्या बराकींत गेले. सकाळी काही शे असलेले बंडखोर संध्याकाळपर्यंत हजारोंनी मोजावे लागले. शस्त्रागार फुटलं, क्रेस्ती तुरुंग उघडला, पोलीस चौक्या पेटल्या. तासा-तासाला फुगत गेलेल्या या सकाळीला निबंधात सगळ्यात मोठा परिच्छेद द्यायला हरकत नाही, कारण फेब्रुवारीतच का, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पावाच्या रांगेनं लोकांना आणलं, झारच्या तारेनं शिपायांना लोकांसमोर उभं केलं, आणि त्या शिपायांना आपला जीव वाचवायला सरकारच पाडावं लागलं.

सत्तेची काय अवस्था होती, त्याचा एक किस्सा. २७ तारखेला खाबालोवनं शहरात लष्करी कायदा जाहीर करायचं ठरवलं. जाहीरनामा छापला गेला. तो भिंतींवर डकवायचा, तर शहराचा प्रमुख बाल्क म्हणाला, खळ नाही आणि ब्रशही नाहीत. काही प्रती शिपायांनी बागेच्या कुंपणाच्या गजांत खोवल्या. अडीच वर्षं महायुद्ध लढणारं साम्राज्य स्वतःच्या राजधानीत एक कागद चिकटवू शकलं नाही.

मग तिसरा थर, सेनापतींचा. इथे निकोलसचा १९१५ मधला निर्णय पुढे आणायचा. त्या वर्षी पराभवांनंतर त्यानं काकाला हटवून सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं आणि मोगिल्योवला जाऊन राहिला. मंत्र्यांनी लेखी विनंती केली, की असं करू नये. त्यांचं म्हणणं साधं होतं: आता प्रत्येक पराभव थेट गादीच्या खाती पडेल. झालंही तसंच. मागे राजधानीत कारभाराची सूत्रं महाराणी अलेक्झांड्राकडे, ती जन्मानं जर्मन, तिच्यामागे रास्पुतिन. १९१६ च्या जानेवारीपासून पुढच्या सव्वा वर्षात चार पंतप्रधान झाले. धान्याचा प्रश्न ज्या शेतीखात्याकडे होता, त्यालाही १९१५ च्या शरदापासून दीड वर्षाच्या आत चार मंत्री पाहावे लागले. रास्पुतिनचा किस्सा चटकदार आहे म्हणून लोक त्यावर पानं लिहितात. पण तो डिसेंबर १९१६ मध्येच मारला गेला होता आणि त्यानं काहीही सुधारलं नाही. त्याला दोन वाक्यं पुरेत. शेतीखात्याच्या चार मंत्र्यांना जास्त जागा द्यावी.

ड्यूमाचा अध्यक्ष रोद्झियान्को २६ तारखेला झारला तार करून कळवत होता, की राजधानीत अराजक आहे, लोकांचा विश्वास असेल असा माणूस ताबडतोब सरकारप्रमुख करा. निकोलसनं ती बाजूला सारली, तो जाड्या काहीतरी फालतू लिहितो, उत्तर देणार नाही, असं म्हणून. महाराणीनं त्याला पत्रात कळवलं होतं, की हे गुंडांचं काम आहे, पोरं पाव-पाव ओरडत पळतात, थंडी जास्त पडली असती तर सगळे घरी बसले असते. यात हट्ट होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राजाला माहिती मिळत होती आणि ती वाचण्याची यंत्रणा उरली नव्हती.

२८ तारखेच्या पहाटे तो गाडीनं राजधानीकडे निघाला. बंड मोडायला जाणाऱ्या जनरल इवानोवच्या तुकड्यांना अडथळा नको म्हणून लांबचा रस्ता धरला. रात्री मालाया विशेरा स्थानकाजवळ पुढचा मार्ग बंडखोरांच्या हाती असल्याची बातमी आली आणि गाडी वळवून प्स्कोवला न्यावी लागली. साम्राज्याचा अधिपती ऐन घडीला दोन दिवस रुळांवर होता आणि कुणाशी नीट संपर्कात नव्हता. या मोकळ्या जागेत मुख्यालयातला जनरल अलेक्सेयेव आणि ड्यूमातली मंडळी यांनी आपापसांत बोलून घेतलं. १ मार्चच्या रात्री प्स्कोवात जनरल रुझ्स्कीनं झारकडून जबाबदार मंत्रिमंडळाला कशीबशी कबुली मिळवली, पण तारायंत्रावरून रोद्झियान्कोनं सांगितलं, की आता उशीर झाला.

आणि इथे तो उलटा मुद्दा. सेनापतींनी झारला हटवलं ते युद्ध थांबवायला नव्हे. त्यांना युद्ध पुढे न्यायचं होतं. राजधानी, तिथले दारूगोळ्याचे कारखाने आणि रेल्वे बंडखोरांच्या हाती राहिली, तर आघाडीवरचं सैन्य उपाशी मरेल, बंड तिथेही पोचेल, असा अलेक्सेयेवचा हिशेब होता. म्हणून त्यानं सगळ्या आघाड्यांना विचारलं आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. ड्यूमातल्या उदारमतवाद्यांचंही तसंच: १९१६ च्या नोव्हेंबरातलं मिल्युकोवचं गाजलेलं भाषण युद्धाविरुद्ध नव्हतं, युद्ध नीट न चालवणाऱ्या सरकारविरुद्ध होतं. रस्त्यावरची बाई लढाई संपावी म्हणून ओरडत होती, तर सेनापती लढाई चालू राहावी म्हणून गादी मोकळी करत होते. दोघांनी एकाच माणसाला ढकललं. ‘युद्धाचा कंटाळा’ हा एकच मथळा लिहून हा फरक झाकला जातो, आणि निबंधाचं सगळं वजन खरं तर याच फरकात आहे.

जमावाला घाबरून झार पळाला, असंही मग लिहिता येत नाही. राजीनाम्यावर सही झाली २ मार्चला रात्री अकराच्या पुढे, ड्यूमाकडून आलेल्या गुच्कोव आणि शुल्गिन यांच्यासमोर. कागदावर वेळ मात्र दुपारची घातली, म्हणजे या दोघांच्या दडपणाखाली निर्णय झाला असं दिसू नये. मुलगा अलेक्सेई हिमोफिलियाचा रुग्ण, म्हणून गादी भाऊ मिखाईलकडे. मिखाईलनं दुसऱ्या दिवशी ती नाकारली. १६१३ साली सुरू झालेलं रोमानोव घराणं ३०४ वर्षांनी संपलं. १९१३ मध्येच त्याच्या त्रिशताब्दीचा सोहळा देशभर झाला होता.

निबंधात काय येऊ नये, तेही आराखड्यात लिहून ठेवलेलं बरं. लेनिन त्या वेळी झुरिकला होता आणि त्याला बातमी वर्तमानपत्रांतून कळली. बोल्शेविक कामगार रस्त्यावर होते, पण हा उठाव पक्षानं आखलेला नव्हता. दुसरं, ‘रक्तहीन क्रांती’ असं लिहिण्याची सवय टाळावी. राजधानीतल्या मृत आणि जखमींचा आकडा सुमारे दीड हजार होता. आणि जर्मनीशी केलेली तुलना शेवटपर्यंत न्यावी. १९१८ च्या शरदात बर्लिनमध्येही हुकूम मोडले गेले, आधी कील बंदरातल्या खलाशांकडून, मग सैन्याच्या वरिष्ठांनीच कैसरला सैन्य पाठीशी नसल्याचं सांगितलं. पण तिथे रस्ता, बराकी आणि मुख्यालय हे तिन्ही थर एका वेळी हलण्यासाठी लष्करी पराभव पदरी पडावा लागला. रशियात आघाडी अजून टिकून होती, मागची राजधानी आधी कोसळली.

एक पडताळाही घेता येतो. हंगामी सरकार आलं, झार गेला, पण पीठ आलं नाही. २५ मार्चला नव्या सरकारनं धान्याची सगळी खरेदी सरकारच्या एकाधिकारात आणली आणि पेत्रोग्रादमध्ये रेशनकार्डं सुरू झाली. जूनमध्ये त्यानंच नवी चढाई करून पाहिली आणि ती फसली. ऑगस्टच्या अखेरीस धान्याचे बांधलेले भाव दुप्पट करावे लागले. रांगा तिथेच होत्या, त्यांच्यातल्या बायकाही त्याच.